‘आम्ही ओटीपी मागत नाही’ : एका इशाऱ्याची दुरुस्ती

देवगड तालुक्यातील एका बागायतदार कुटुंबाचा आंबा मुंबई, पुणे आणि नाशिक येथील घरांत थेट पेटीने जातो. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, पैसे बहुतेक वेळा ऑनलाइन भरले जातात आणि पेटी कुरिअरने निघते. एका हंगामात त्यांच्या काही ग्राहकांना ‘तुमची पेटी गोदामात अडकली आहे, पाच रुपये भरून पत्ता पक्का करा’ असे फोन येऊ लागले. बागेचे नाव बरोबर, ग्राहकाचे नाव बरोबर, पेटी किती डझनाची तेही बरोबर. कुटुंबाने घाईने सर्व ग्राहकांसाठी एक इशारा लिहिला आणि पाठवण्यापूर्वी तो माझ्याकडे दिला, कारण लहान व्यावसायिकांचे मराठी मजकूर तपासून देणे हे माझे रोजचे काम आहे. मजकूर असा होता :

‘सर्व सन्माननीय ग्राहकांस सूचित करण्यात येते की, आमच्या आस्थापनेमार्फत दूरध्वनी अथवा संदेशाद्वारे ओटीपी, पासवर्ड, कार्ड क्रमांक अथवा बँकेसंबंधीची कोणतीही गोपनीय माहिती कधीही मागितली जात नाही. तरी ग्राहकांनी सतर्क राहावे. अशी माहिती दिल्यास होणाऱ्या नुकसानीस आस्थापना जबाबदार राहणार नाही.’

व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही, शुद्धलेखनही ठीक आहे. मात्र तो मी आमच्या सोसायटीतील एका काकूंना वाचून दाखवला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘पण कुरिअरवाला तर ओटीपी मागतोच की! नाही सांगितला तर पेटी देत नाही.’ त्यांच्या या एका वाक्याने माझ्या लक्षात आले की हा मजकूर शब्द बदलून सुधारण्यासारखा नाही. तो आधी खरा करायला हवा.

काकूंचा गोंधळ का होतो हे पाहण्यासाठी ओटीपी या शब्दाकडे पाहावे लागते. एकाच नावाखाली आज निदान दोन निरनिराळ्या गोष्टी आपल्या मोबाइलवर येतात. पहिली बँकेकडून येते. कार्ड समोर नसताना त्यावरून पैसे काढायचे असतील, तर कार्डावर न छापलेली आणखी एक खूण पटवली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑनलाइन व्यवहारांसाठी २००९ पासून आहे आणि बहुतेक बँका ही खूण म्हणून मोबाइलवर आकडा पाठवतात. हा आकडा म्हणजे ‘होय, हे पैसे द्या’ अशी आपण बँकेला केलेली सही असते. ती सही ग्राहक आणि त्याची बँक या दोघांमधली असते. दुकानदाराला पैसे मिळतात, पण तो आकडा त्याला कळण्याची गरज कोठेही पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पेटी हातात देताना कुरिअरचा माणूस विचारतो तो कोड. त्याचा पैशांशी संबंध नसतो. पेटी योग्य माणसाला मिळाली एवढीच त्याची पावती, पूर्वी कागदावर घेत त्या सहीसारखी. दोन्हींना आपण ओटीपीच म्हणतो. त्यामुळे ‘ओटीपी कोणालाही कधीही सांगू नका’ असे ऐकलेला ग्राहक आठवड्यातून दोनदा दारात ओटीपी सांगतो, त्यातून काही बिघडत नाही, आणि इशारे हे नुसते म्हणायचे असतात असा धडा तो नकळत घेतो. जो इशारा रोजच्या व्यवहारात मोडावा लागतो, तो ऐन वेळी आठवत नाही.

म्हणून पहिले काम भाषेचे नव्हते, चौकशीचे होते. मजकुरातील प्रत्येक ‘मागत नाही’ समोर मी एक प्रश्न लिहिला आणि त्या कुटुंबाला फोन केला. आंबे खराब निघाले तर पैसे कसे परत करता? उत्तर आले की ऑनलाइन भरलेले पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जातात, त्यासाठी काहीच विचारावे लागत नाही. पण ज्यांनी पेटी घेताना रोख दिले असतील त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड मागवला जातो. म्हणजे ‘बँकेसंबंधीची कोणतीही माहिती कधीही मागितली जात नाही’ हे खोटे ठरले. खाते क्रमांक आणि आयएफएससी यांवरून खात्यात पैसे टाकता येतात, काढण्यासाठी खातेदाराची वेगळी संमती लागते, त्यामुळे ते मागण्यात गैर काही नाही. गैर होते ते वाक्य.

दुसरा प्रश्न कार्डाविषयी होता. येथे थोडे अवघडल्यासारखे झाले, कारण ऑर्डरी सांभाळणाऱ्या पुतण्याने सांगितले की एखाद्याचे पैसे जमा झालेले दिसले नाहीत तर तो ग्राहकाला ‘कार्डाचे शेवटचे चार आकडे पाठवा’ असे विचारतो. हे वाक्य त्याने व्हॉट्सअॅप बिझनेसमधील तयार उत्तरांत साठवूनच ठेवले होते. शेवटच्या चार आकड्यांवरून कोणी पैसे काढू शकत नाही हे खरे. बिलावर आणि बँकेच्या मेसेजमध्येही ते छापलेले असतात. पण जो ग्राहक आज तुम्हाला चॅटवर चार आकडे पाठवतो, तो उद्या तुमच्या नावाने बोलणाऱ्या दुसऱ्या कोणाला बाकीचे बारा पाठवायला कचरणार नाही. पैसे भरल्यावर ग्राहकाला व्यवहाराचा क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक पेमेंट कंपनीच्या पडद्यावर दुकानदारालाही दिसतो, त्यामुळे शोध त्यावरून होऊ शकतो. पुतण्याने तयार उत्तर बदलले आणि मगच ‘कार्डावरचा एकही आकडा आम्ही मागत नाही’ हे वाक्य आम्ही ठेवले. या वाक्याच्या पाठीशी एक नियमही उभा आहे : १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आपल्याकडे साठवण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ग्राहक आकडे टाइप करतो तो पेमेंट कंपनीच्या पानावर. ते आंबेवाल्याच्या चॅटमध्ये येण्याचे कारणच नसते.

तिसरा प्रश्न काकूंचा होता. कुरिअर कंपनीकडून खरोखरच चार आकडी कोड येत होता आणि तो दारात सांगावा लागत होता. त्यातही एक बारकावा होता. मोठ्या सोसायटीत डिलिव्हरी देणारा मुलगा अनेकदा गेटवरूनच फोन करतो, ‘कोड सांगा, पेटी वॉचमनकडे ठेवतो’. म्हणजे फोनवर कोड मागणारा प्रामाणिक माणूसही असतो. ठगाला आणखी काय हवे? या सवयीला इशाऱ्यात जागा ठेवली तर इशारा पोकळ होतो आणि तिचा उल्लेखच टाळला तर तो खोटा होतो. शेवटी कुटुंबाने ठरवले की कोड फक्त पेटी समोर असताना सांगायचा, फोनवर नाही, आणि तसे कुरिअरच्या स्थानिक कार्यालयालाही कळवले. यामुळे काही पेट्या दुसऱ्या दिवशी पोचतील हे त्यांनी मान्य केले. आंब्याच्या बाबतीत एक दिवस ही लहान किंमत नाही, म्हणून हा निर्णय मी त्यांच्यावर सोडला होता.

आता शब्द. मूळ मजकुरात ‘मागितली जात नाही’ हा कर्मणी प्रयोग आहे आणि सरकारी पत्रांतून तो आपल्या अंगवळणी पडला आहे. त्यात अडचण अशी की कोण मागत नाही हे त्यातून पुसट होते. ‘आम्ही मागत नाही’ असे लिहिले की कर्ता समोर येतो, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ठग आपण बागेतून बोलत असल्याचे दर वेळी सांगतोच असे नाही. तो म्हणतो, ‘मी कुरिअरमधून बोलतोय’, ‘पेमेंट कंपनीतून बोलतोय’, ‘बागेवाल्यांनीच मला तुमचा नंबर दिला’. ग्राहकाच्या मनात सरळ विचार येतो : आंबेवाले ओटीपी मागत नाहीत हे ठीक, पण हा तर कुरिअरवाला आहे. ‘आम्ही’ या शब्दाच्या कुंपणाबाहेर उभे राहून तो आपले काम करतो. म्हणून आम्ही वाक्याची दिशाच उलटी केली. आम्ही काय करत नाही हे सांगण्याऐवजी, समोरचा काय बोलेल ते सांगायचे आणि तसे बोलणारा कोणीही आमचा नाही असे म्हणायचे. ‘पेटी अडकली आहे’, ‘पत्ता चुकला आहे’, ‘पैसे परत करायचे आहेत’ ही ठगाची तीन नेहमीची वाक्ये जशीच्या तशी घेतली. फोन येईल तेव्हा ग्राहकाच्या कानावर हेच शब्द पडणार असल्याने ओळख त्यांच्यावरूनच पटते. ‘सतर्क राहावे’ या शब्दांवरून पटत नाही, कारण ठग कधी ‘मी तुमची गोपनीय माहिती मागत आहे’ असे म्हणत नाही.

ओटीपी हा शब्दही तो टाळतो. त्याच्या तोंडी तो ‘कन्फर्मेशन नंबर’ असतो, ‘बुकिंग कोड’ असतो, ऑर्डर रद्द करायची असेल तर ‘कॅन्सलेशन कोड’ असतो. ज्याला ‘ओटीपी सांगू नका’ एवढेच पाठ आहे, तो ‘कॅन्सलेशन कोड’ निर्धास्तपणे सांगतो. याच कारणासाठी आम्ही ओटीपी हा शब्द ठेवला, पण त्याच्या शेजारी ‘मोबाइलवर आलेला कोणताही आकडा, त्याला नाव काहीही दिलेले असो’ असे लिहिले. वाक्य थोडे लांबले. लांबू दिले.

क्रियापदाकडेही असेच पाहावे लागले. ‘सांगू नका’ हे तोंडी सांगण्यापुरते आहे. ठग हल्ली न सांगताही आकडा मिळवतो : ‘मला सांगू नका, फक्त तुमच्या फोनच्या कीपॅडवर दाबा’ असे म्हणतो, जणू त्यामुळे तो सुरक्षित राहील, किंवा मेसेजचा स्क्रीनशॉट मागतो, किंवा ‘मदतीसाठी’ म्हणून एखादे अॅप घ्यायला लावतो, ज्यातून तुमच्या मोबाइलचा सारा पडदा त्याला आपल्या जागेवरून दिसतो, आणि मग मेसेज आला की आकडा तुम्ही न उच्चारताही त्याला वाचता येतो. काही वेळा तो व्हॉट्सअॅपवर ‘पावती’ म्हणून एक फाइल पाठवतो, जिच्या नावाच्या शेवटी .apk असे असते. ती उघडून अॅप बसवले आणि ते मागेल त्या परवानग्या दिल्या, तर येणारे मेसेज ते परस्पर पुढे पाठवू शकते. हे सारे प्रकार एका इशाऱ्यात भरले तर तो कोणी वाचणार नाही. त्यामुळे आम्ही दोनच गोष्टी निवडल्या : ‘सांगू नका’ ऐवजी ‘देऊ नका’ हे अधिक व्यापक क्रियापद, आणि ‘आम्ही कोणतेही अॅप किंवा फाइल पाठवत नाही’ हे एक छोटे वाक्य. ते वाक्य खरे आहे का हे अर्थात पुन्हा पुतण्याला विचारले. तो बिल पीडीएफमध्ये पाठवत होता! मग वाक्य झाले, ‘बिलाच्या पीडीएफशिवाय आम्ही कोणतीही फाइल पाठवत नाही आणि कोणतेही अॅप घ्यायला सांगत नाही’.

यूपीआयचा उल्लेख मूळ मजकुरात नव्हताच, हे मला आश्चर्याचे वाटले, कारण त्यांचे निम्म्याहून अधिक ग्राहक त्यावरूनच पैसे भरतात. तेथे ओटीपीऐवजी पिन असतो. पैसे पाठवताना सहसा पिन टाकावा लागतो, पैसे मिळण्यासाठी तो कधीही लागत नाही. तरीही ‘पैसे परत करतोय, पिन टाकून स्वीकारा’ असे सांगितले की अनेक जण टाकतात, कारण घेण्यासाठीही काहीतरी करावे लागत असेल असे त्यांना वाटते. येथे नुसता नकार पुरत नाही, एक छोटे कारण जोडावे लागते : ‘पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही’. कारण कळले की ग्राहक इशाऱ्यात नसलेल्या प्रसंगातही स्वतः निर्णय घेऊ शकतो. बाकी ठिकाणी मी कारणे काढून टाकली, पण हे ठेवले.

ग्राहकाला फोन येतो त्या क्षणाचेही एक चित्र डोळ्यांसमोर ठेवावे लागते. मोबाइल कानाला आहे, पलीकडचा माणूस घाई करतो आहे, तेवढ्यात वरच्या पट्टीत बँकेचा मेसेज दोन ओळींत झळकतो. त्या मेसेजमध्ये बहुधा किती रुपयांसाठी आणि कोणाला हे लिहिलेले असते. पाच रुपये म्हणून सांगितलेल्या व्यवहाराचा खरा आकडा कित्येक हजारांचा असतो. पण पट्टीत नजर जाते ती ओटीपीच्या अंकांवर, कारण पलीकडून तेच विचारले जात असतात. आपला इशारा ग्राहक त्या वेळी उघडून वाचणार नाही हे उघड आहे. त्याला तो आधी वाचलेला असावा लागतो आणि एक ठोस खूण म्हणून आठवावा लागतो. म्हणून मजकुराच्या अगदी आरंभी आम्ही धोक्याविषयी बोललोच नाही. तेथे लिहिले, ‘तुमचे पैसे पूर्ण मिळाले आहेत. पेटी घरी पोचेपर्यंत आणखी एक रुपयाही भरायचा नाही.’ पाच रुपये मागणाऱ्याचा डाव या एका वाक्यानेच उघडा पडतो, कारण कोड मागण्याच्या आधी त्याला पैसे मागावे लागतात. रोखीने पेटी घेणाऱ्यांसाठी हे वाक्य खोटे ठरले असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा मजकूर केला : ‘बिलाची रक्कम पेटी हातात आल्यावरच द्या, त्याआधी कोणालाही काही देऊ नका.’

मूळ मजकुरातील शेवटचे वाक्य, ‘नुकसानीस आस्थापना जबाबदार राहणार नाही’, हे कुटुंबातील थोरल्या काकांच्या आग्रहाने आलेले होते आणि ते काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांचे म्हणणे असे की उद्या कोणी भांडायला आले तर हातात काही असावे. माझे म्हणणे असे की अनधिकृत व्यवहारातील नुकसान बँक आणि ग्राहक यांच्यात कसे वाटले जाते याचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले आणि आंबेवाल्याच्या मेसेजमधील वाक्याने त्यात काही फरक पडत नाही. त्या परिपत्रकाचे तत्त्व असे आहे की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे फसलेल्या माणसासाठी सर्वांत मोलाचे काय, तर लवकर कळवणे. आणि आपले शेवटचे वाक्य त्याला काय सांगते? चूक तुझी आहे, आमच्याकडे येऊ नको. आधीच शरमलेला माणूस हे वाचून गप्प बसतो, संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर सांगू असे ठरवतो, आणि मधल्या तासांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन नेमकी याच मधल्या वेळेसाठी आहे : तेथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांत गेले तेथेच ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो, आणि ते बाहेर काढले गेले असतील तर हाती फारसे लागत नाही. तक्रार cybercrime.gov.in येथेही नोंदवता येते, पण घाईच्या वेळी फोन बरा. काकांना हे पटले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी ते वाक्य जाऊ दिले.

इशाऱ्यात स्वतःचा फोन नंबर द्यावा की नाही, हा वरवर पाहता बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतेक व्यावसायिक ‘शंका असल्यास या नंबरवर संपर्क साधा’ असे लिहून नंबर देतात आणि वर एखादी लिंकही जोडतात. पण मेसेज पुढे पाठवता येतो, नक्कल करता येतो, आणि ठग हाच मजकूर उचलून, केवळ नंबर बदलून, ग्राहकांना पाठवू शकतो. मग फसवणुकीचा इशाराच फसवणुकीचे साधन होतो. सर्वांना तोच नंबर द्यायचा तर तो ग्राहकाकडे आधीच असलेल्या, बदलता न येणाऱ्या जागी हवा. आमच्या बाबतीत अशी जागा होती : बिल, आणि गेल्या वर्षीची पेटी. म्हणून मजकुरात नंबर नाही, लिंक नाही, ‘बिलावर छापलेल्या नंबरवर आम्हाला विचारा’ एवढेच आहे. नव्या ग्राहकाकडे मागची पेटी नसते हे खरे. त्याच्यासाठी ज्या चॅटमध्ये त्याने ऑर्डर दिली तीच चॅट वर सरकवून पाहणे हा मार्ग उरतो.

इतके झाल्यावर व्हॉट्सअॅपचा मजकूर असा ठरला :

‘तुमची ऑर्डर नोंदवली आहे आणि पैसे पूर्ण मिळाले आहेत. पेटी घरी पोचेपर्यंत आणखी एक रुपयाही भरायचा नाही.

पेटी अडकली आहे, पत्ता चुकला आहे किंवा पैसे परत करायचे आहेत असे सांगून कोणी ओटीपी, कार्डावरचे आकडे किंवा यूपीआय पिन विचारला, तर तो माणूस आमचा नाही. तुमचे नाव आणि ऑर्डर बरोबर सांगत असला तरी नाही. मोबाइलवर आलेला कोणताही आकडा, त्याला नाव काहीही दिलेले असो, फोनवर किंवा चॅटवर देऊ नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर आम्हाला विचारा.

बिलाच्या पीडीएफशिवाय आम्ही कोणतीही फाइल पाठवत नाही आणि कोणतेही अॅप घ्यायला सांगत नाही.

पेटी देणारा माणूस चार आकडी कोड विचारेल. तो पेटी समोर असतानाच सांगा.

आकडा देऊन झाला असेल तर आधी बँकेला फोन करून कार्ड किंवा खाते थांबवा, लगेच १९३० वर तक्रार करा, आणि आम्हालाही कळवा.’

‘बरोबर सांगत असला तरी’ हे शब्द मी मुद्दाम घातले. पेटीवरच्या चिठ्ठीवर नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक सारे छापलेले असते आणि ती पेटी वाटेत अनेक हातांतून जाते, त्यामुळे समोरच्याला माहिती असणे हा तो खरा असल्याचा पुरावा नव्हे. ज्यांना फोन आले होते त्यांतील बहुतेकांनी हेच सांगितले होते की ‘त्याला सगळे ठाऊक होते, म्हणून विश्वास बसला’.

काही ज्येष्ठ ग्राहक व्हॉट्सअॅप वापरत नाहीत, त्यांना साधा एसएमएस जातो, आणि तेथे हा मजकूर बसणे शक्यच नव्हते. इंग्रजी अक्षरांतील एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात देवनागरी आली की मर्यादा ७० वर उतरते. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांनी होत नाही : ‘पोचण्यापूर्वी’ हा शब्द आपण पाच अक्षरांचा म्हणतो, पण काना, मात्रा, हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जात असल्याने त्याची किंमत तेरा होते. बारा शब्दांत आम्ही जे बसवले ते हे : ‘आंबे पोचण्यापूर्वी कोणी फोन करून कोड मागितला तर देऊ नका, फोन ठेवा.’ मोजले तर ६६. बागेचे नाव जोडले की हा मेसेज दोन भागांचा होतो, तेव्हा एकूण १३४ ची जागा मिळते, म्हणून त्यात १९३० हा क्रमांकही बसवला. व्यावसायिक एसएमएसचा नमुना टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि नंतर ठरीव मजकुरात बदल करायचा तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते, त्यामुळे घासूनपुसून घ्यायचे ते नोंदणीच्या आधीच.

मजकूर पाठवण्याची वेळही ठरवली. गुढीपाडव्याला सर्वांना एकदाच पाठवलेला इशारा मे महिन्यात कोणाला आठवत नाही. ठगाचे फोन येतात ते ऑर्डर दिल्यापासून पेटी मिळेपर्यंतच्या दोन-चार दिवसांत, म्हणून ऑर्डर नोंदवल्याचा जो मेसेज ग्राहक पैसे पोचले की नाही हे पाहण्यासाठी वाचतोच, त्याच मेसेजमध्ये हा मजकूर बसवला. लाल अक्षरांचे चित्र करून पाठवण्याची पुतण्याची कल्पना मी नको म्हटली, कारण ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल साधा मजकूर वाचून दाखवतो, चित्रातील अक्षरे बहुधा नाही.

तयार झालेला मजकूर पुन्हा काकूंकडे नेला, पण या वेळी वाचून दाखवला नाही. त्यांना तो मोबाइलवर पाठवला, दोन दिवस जाऊ दिले आणि मग भाच्याला त्यांना फोन करायला लावले : ‘काकू, पेटी गोदामात आहे, रद्द करायची असेल तर आलेला कॅन्सलेशन नंबर सांगा.’ काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझे पैसे भरून झालेत, पेटी घेऊन दारात ये आणि मग काय ते विचार.’ मजकुरातील कोणते वाक्य लक्षात राहिले हे त्यावरून कळले : पहिले, आणि कुरिअरच्या कोडाचे. मधला लांब परिच्छेद त्यांना आठवत नव्हता. तो काढून टाकावा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी ठेवला, कारण पैसे परत करण्याच्या बहाण्याला उत्तर त्याच परिच्छेदात आहे आणि काकूंची परीक्षा त्या प्रश्नावर झालेली नव्हती.

पुढच्या हंगामात कुरिअर कंपनी बदलली आणि नव्या कंपनीचा डिलिव्हरी कोड सहा आकडी निघाला, म्हणजे काही बँकांच्या ओटीपीएवढाच. ‘चार आकडी कोड’ हे शब्द त्या दिवसापासून चुकीचे झाले, आणि आकड्यांच्या संख्येवरून दोन्हींतला फरक ओळखता येईल ही आमची सोयही गेली. आता त्या जागी ‘पेटीचा कोड’ असे लिहिले आहे, आणि त्यापुढे कंसाऐवजी एक वाक्य : ‘या कोडाच्या मेसेजमध्ये कुरिअरचे नाव असते, बँकेचे नाव किंवा रुपयांचा आकडा दिसला तर तो पेटीचा कोड नाही.’